कुपनाची खरी किंमत : ऑर्डरी वाढल्या, मग बोटीच्या हाती काय?

घरपोच मासळी विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संस्थेत हल्ली एक प्रश्न ऐकू येतो. बोटमालक विचारतात, "ऑर्डरी वाढल्या म्हणता, गाडी दिवसभर पळते, मग वर्षाअखेर बोनस कमी कसा?" बऱ्याच वेळा याचं उत्तर कुपनात असतं. कुपनाचा खर्च वहीत नीट दिसत नाही, कारण तो कोणाला रोख द्यावा लागत नाही. जे पैसे आलेच नाहीत त्यांची पावती कोण फाडणार? म्हणून आज तो खर्च कसा मोजायचा ते बघूया. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे करून घेतले आहेत. तुम्ही आपल्या संस्थेचे आकडे घालून बघा.

समजा गिऱ्हाईकाने हजार रुपयांची मासळी मागवली. त्यातले ७०० बोटीला गेले. साफ करणं-कापणं ५०, बर्फ आणि डबा ३०, ॲप आणि कार्डाचे पैसे २०. राहिले २००. डिलिव्हरीचे ६० रुपये गिऱ्हाईक वेगळे देतं आणि ते पोहोचवणाऱ्या पोराला जातात, त्यात संस्थेला काही उरत नाही. या २०० मधूनच कारकुनाचा पगार, शीतघराचं वीजबिल, जागेचं भाडं आणि शेवटी बोटींचा बोनस निघतो.

आता BANGDA10 नावाचं दहा टक्क्यांचं कुपन काढलं. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ते हजारावर आहेत, आपल्या दोनशेवर नाहीत. शंभर रुपये गेले की उरले शंभर, म्हणजे नफा अर्धा झाला. पहिल्याइतकेच पैसे हवे असतील तर ऑर्डरी दुप्पट झाल्या पाहिजेत. जुना नफा भागिले नवा नफा, एवढाच हिशेब आहे. पंधरा टक्के दिले तर उरतात पन्नास, आणि मग ऑर्डरी चौपट लागतात. वीस टक्क्यांना शून्य उरतं. तिथे कितीही विकलं तरी काही हाती येत नाही, उलट बर्फ आणि माणसं जास्त लागतात. मीटिंगमध्ये कोणी "आणखी पाचच टक्के वाढवूया" म्हणालं की हा भागाकार आधी फळ्यावर लिहावा.

एकावर एक कुपन

एक कुपन असेल तर हिशेब सोपा असतो. गोंधळ होतो तो एकाच ऑर्डरीवर दोन-तीन सवलती बसतात तेव्हा. मुद्दाम असं कोणी करत नाही. जुलैच्या मीटिंगमध्ये ठरतं की नऊशेच्या वर डिलिव्हरी फुकट. गणपतीनंतर BANGDA10 येतं. दिवाळीत नवीन गिऱ्हाईकांसाठी NAVIN50, म्हणजे पहिल्या ऑर्डरीवर पन्नास रुपये कमी. प्रत्येक ठराव वेगळ्या दिवशी झालेला असतो आणि एकटा बघितला तर परवडणारा असतो. पण ॲपला कोणी सांगितलेलं नसतं की हे तिन्ही एकत्र चालणार नाहीत.

मग नवीन गिऱ्हाईक हजाराची ऑर्डर टाकतं तेव्हा शंभर BANGDA10 चे, पन्नास NAVIN50 चे आणि साठ डिलिव्हरीचे, असे २१० जातात. आपल्याकडे होते २००. म्हणजे दहा रुपये संस्थेने खिशातून घातले आणि वर इसवण घरपोच दिली. त्याच माणसाकडे मित्राने पाठवलेलं शंभराचं रेफरल असलं तर तोटा ११० वर गेला.

दुसरी गोष्ट क्रमाची. हजारातून आधी दहा टक्के आणि मग पन्नास काढले तर बिल ८५० होतं. आधी पन्नास आणि मग दहा टक्के काढले तर ८५५. पाच रुपयांचाच फरक आहे, पण ॲप कोणता क्रम वापरतं ते माहीत नसेल तर वही आणि बँक कधी जुळत नाहीत. यापेक्षा मोठा फरक मर्यादेचा पडतो. 'नऊशेच्या वर' हे कुपनाच्या आधीचे नऊशे की नंतरचे? ९५० ची ऑर्डर दहा टक्क्यांनंतर ८५५ ची होते. माझ्या मते मर्यादा नेहमी गिऱ्हाईक खरोखर जे पैसे देतं त्यावर धरावी.

तिसरी गोष्ट आपल्याच धंद्यात जास्त घडते. दर्या आहे, कधी मासळी मिळते, कधी नाही. समजा '१५०० वर १५० कमी' असं कुपन आहे. गिऱ्हाईकाने ९०० ची इसवण आणि ६०० ची कोळंबी मागवली, कुपन लागलं. सकाळी जेटीवर इसवण आलीच नाही. आपण इसवणीचे पैसे परत केले आणि कोळंबी पाठवली. बहुतेक ठिकाणी १५० ची सूट तशीच राहते, आणि ती आता ६०० वर बसली, म्हणजे पंचवीस टक्के. सहाशेवर आपले १२० उरणार होते, तिथे ३० चा तोटा झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा फिरला आणि चार दिवस बोटी मोकळ्या आल्या तर अशा ऑर्डरी भरपूर होतात, आणि वहीत त्या 'सूट' या एकाच रकान्यात दडून बसतात.

यावर उपाय म्हणजे सूट मालावर वाटून टाकायची. १५० पैकी ९० इसवणीवर आणि ६० कोळंबीवर. इसवण रद्द झाली की तिचे ९० पण गेले, कोळंबीवरचे ६० गिऱ्हाईकाला मिळाले. पूर्ण सूट काढून घेणं बरोबर नाही, कारण मासळी आली नाही यात त्याचा काही दोष नाही.

हे सगळं दिसण्यासाठी वहीत 'सूट' असा एकच रकाना नको. प्रत्येक कुपनाला स्वतःचा रकाना, फुकट डिलिव्हरीला वेगळा, रेफरलला वेगळा. आणि शेवटी प्रत्येक ऑर्डरीपुढे 'खरं उरलं किती' हा रकाना. महिन्याच्या शेवटी ज्या ऑर्डरींमध्ये तो आकडा शून्याच्या खाली आहे त्या बाजूला काढा. बहुतेक वेळा एकच जोडी त्यात पुन्हा पुन्हा सापडते, आणि तेवढी जोडी बंद केली की अर्धं काम होतं.

कुपन नसतं तर ते आले असते का?

आता सगळ्यात अवघड भाग. ॲप महिन्याच्या शेवटी सांगतं : "BANGDA10 वर ५२ ऑर्डरी." मीटिंगमध्ये टाळ्या. पण त्या ५२ मधले किती लोक कुपनाशिवायही रविवारी मासळी घेणारच होते? ज्यांनी घेतलीच असती त्यांना आपण शंभर रुपये उगीच दिले.

हे कळायला 'आधी आणि नंतर' बघून चालत नाही. श्रावणात विक्री उतरते, गणपती गेले की उसळते, संकष्टीला आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुन्हा बसते. कुपन गणपतीनंतर काढलं आणि विक्री वाढली, तर ती कुपनाने वाढली की उपास सुटला म्हणून? म्हणून तुलना त्याच दिवसांतली पाहिजे.

पद्धत सोपी आहे. समजा यादीत ४०० गिऱ्हाइकं आहेत. फोन नंबरचा शेवटचा आकडा बघा. विषम असेल त्यांना कुपन पाठवा, सम असेल त्यांना पाठवू नका. साधारण दोनशे-दोनशे होतील. सुरू करण्याआधी दोन्ही गटांची मागच्या महिन्याची विक्री बघून घ्या, ती जवळपास सारखी असली पाहिजे. आणि कुपन त्या त्या नंबरलाच बांधलेलं असू द्या, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर ते तासाभरात सगळ्यांकडे पोहोचतं आणि दोन गट राहतच नाहीत.

आठवड्याने समजा असं दिसलं. कुपनवाल्या गटातून ७० ऑर्डरी आल्या, त्यातल्या ५२ कुपनावर. बिनकुपनाच्या गटातून ५० आल्या. म्हणजे कुपनाने आणलेल्या ऑर्डरी २०, ५२ नव्हेत. बाकीचे ३२ तसेही येणारच होते.

पैशात मांडूया. बिनकुपनाच्या गटात ५० ऑर्डरी गुणिले २००, म्हणजे १०,००० रुपये उरले. कुपनवाल्या गटात ७० ऑर्डरींचे १४,००० झाले असते, त्यातून ५२ कुपनांचे ५,२०० गेले, उरले ८,८००. ऑर्डरी वीसने वाढल्या आणि हाती १,२०० रुपये कमी आले. दुसऱ्या बाजूने बघा : २० जादा ऑर्डरींसाठी ५,२०० मोजले, म्हणजे एका ऑर्डरीला २६०. आणि एका ऑर्डरीत आपल्याला मिळतात २००. बोनस कमी का, हे इथे दिसतं.

इथे थांबू नका. पुढचा आठवडाही मोजा. कोळंबी आणि इसवणीचे तुकडे लोक फ्रीजरमध्ये ठेवतात. कुपन होतं म्हणून दोन किलो घेतलं आणि पुढच्या रविवारी फोनच केला नाही, असं होतं. समजा पुढच्या आठवड्यात कुपनवाल्यांच्या ४० आणि दुसऱ्यांच्या ४८ ऑर्डरी आल्या. मग दोन आठवडे मिळून ११० विरुद्ध ९८. खरी वाढ बारा ऑर्डरींची. ताज्या तारलीत हे कमी होतं, कारण ती कोणी साठवत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. यादी पन्नास-साठ जणांचीच असेल तर अशा चाचणीवर फार विसंबू नये. एका घरी लग्न निघालं, तेवढ्याने आकडा फिरतो. दोन-तीन वेळा करून, गट उलटसुलट करून बघितलं तरच काही बोलता येतं.

एकाच चुलीवरचे चार नंबर

रेफरल म्हणजे 'मित्राला आणा, तुम्हाला शंभर, मित्राला शंभर'. कल्पना वाईट नाही. मासळी कोणाकडची ताजी, हे लोक शेजाऱ्याला विचारूनच ठरवतात. पण यात फेरी तयार होते. आईने मुलाच्या नंबरला पाठवलं, मुलाने बायकोच्या, बायकोने सासऱ्याच्या. चार नंबर, एकच स्वयंपाकघर. पहिला नंबर खरा. पुढच्या तीन नंबरांवर प्रत्येकी शंभर 'मित्राला' आणि शंभर 'पाठवणाऱ्याला', म्हणजे सहाशे गेले. त्या तीन ऑर्डरींत आपला नफा होता सहाशे. बरोबर शून्य. त्यावर NAVIN50 पण लागत असेल, कारण ॲपच्या लेखी ती तीन 'नवीन गिऱ्हाइकं' आहेत, तर प्रत्येकी पन्नास आणखी खिशातून.

समजा दोन महिन्यांत रेफरलने ६० नवीन नंबर आले. खर्च ६० गुणिले २००, म्हणजे १२,०००. पत्ते तपासले तर २४ जुन्याच घरांतले निघाले. उरले ३६. त्यातले पुढे पूर्ण भावाने पुन्हा मासळी घेणारे १५. मग एक खरं गिऱ्हाईक आपल्याला पडलं ८०० रुपयांना, आणि त्याच्या चार पूर्ण भावाच्या ऑर्डरी होईपर्यंत आपण फक्त घातलेले पैसे वसूल करत आहोत. गिऱ्हाईक वर्षभर टिकणारं असेल तर हे परवडतं. पण फलकावर 'साठ नवीन' लिहिणं आणि वहीत 'पंधरा' असणं, यातला फरक कमिटीला ठाऊक पाहिजे.

फेरी कशी ओळखायची? पत्ता तोच, पैसे पाठवणाऱ्याचं नाव तेच, ऑर्डर नेमकी मर्यादेच्या दहा-वीस रुपये वर, आणि त्या नंबरावरून दुसरी ऑर्डर कधीच नाही. यातली एकच खूण दिसली म्हणून लगेच कोणाला लबाड म्हणू नका. आपल्याकडे एका घर क्रमांकावर तीन भावांच्या तीन चुली असतात, आणि त्यांची बाजारहाट खरंच वेगळी असते. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तरच शंका घ्यावी. सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे डिलिव्हरीचा पोरगा. दार कोण उघडतं हे त्याला माहीत असतं, त्याला विचारायचं कोणाला सुचत नाही एवढंच.

नियम बदलायचा असेल तर पाठवणाऱ्याचे शंभर मित्राने नाव नोंदवलं की देऊ नका, पहिल्या ऑर्डरीलाही नको. मित्राची दुसरी, पूर्ण भावाची ऑर्डर पोहोचली की द्या. फेरीतले नंबर दुसऱ्या ऑर्डरीपर्यंत जातच नाहीत, त्यामुळे बरीचशी गळती आपोआप थांबते. आणि लोकांच्या खात्यात जमा झालेले पण अजून न वापरलेले रेफरलचे पैसे हे संस्थेचं देणं आहे. ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला लिहा, नाहीतर मार्चमध्ये नफा दिसतो आणि एप्रिलमध्ये तो लोक मासळीत खाऊन जातात.

फक्त कुपनावर घेणारे

प्रत्येक यादीत काही नावं अशी असतात की कुपन आलं की ऑर्डर, नाहीतर शांतता. त्यांच्यावर चिडायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. आधी मोजा. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे दोनच आकडे लिहा : सहा महिन्यांत पूर्ण भावाच्या ऑर्डरी किती आणि कुपनाच्या किती.

समजा ९० जणांची पूर्ण भावाची एकही ऑर्डर नाही. त्यांचे वर सांगितले तसे दोन गट पाडले. ४५ जणांना सहा आठवडे कुपन चालू ठेवलं, ४५ जणांचं बंद केलं. चालू असलेल्यांच्या १२० ऑर्डरी आल्या, प्रत्येकी शंभर उरले, म्हणजे १२,०००. बंद केलेल्यांतले बरेच गेले, पण काही राहिले आणि त्यांच्या ३६ ऑर्डरी पूर्ण भावाने आल्या, म्हणजे ७,२००. इथे कुपन चालू ठेवणंच फायद्याचं निघालं! आधीच्या चाचणीत तेच कुपन तोट्यात होतं, कारण तिथे ते रोजच्या गिऱ्हाइकांच्या हाती जात होतं.

पण याच १२० ऑर्डरींवर फुकट डिलिव्हरीही बसत असेल तर शंभराऐवजी चाळीस उरतात, म्हणजे एकूण ४,८००. मग कुपन बंद करणंच बरं. एकच गट, एकच कुपन, आणि वर दुसरी सवलत चढली की उत्तर उलटं होतं.

आणखी एक खर्च या वहीत येत नाही. रविवारी सकाळी इसवण चाळीसच किलो आहे. त्यातली पंधरा किलो कुपनवाल्यांनी सहा वाजताच उचलली. साडेसातला जुन्या गिऱ्हाइकाने पूर्ण भावाने मागितली तेव्हा 'संपली' म्हणावं लागलं. कुपनाच्या ऑर्डरीत शंभर मिळाले, पण दोनशेची गेली, आणि नाराज झालं ते रोजचं माणूस. माल कमी असताना दिलेलं कुपन म्हणजे असं नुकसान. त्यासाठी 'संपली' म्हणून परत पाठवलेल्या मागण्याही लिहून ठेवाव्या लागतात. ते आज फार कमी ठिकाणी होतं.

सवय किती घट्ट बसते याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जे. सी. पेनी नावाच्या दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये कुपन आणि सेल बंद करून रोजचे भाव कमी केले. कागदावर विचार बरोबर होता. पण गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं कुपनाची सवय लावलेली होती. त्या वर्षात विक्री जवळपास पाव भागाने घसरली, २०१३ मध्ये प्रमुखाला जावं लागलं आणि कुपनं परत आली. म्हणून आपल्याकडे बंद करायचंच असेल तर एका गटावर, थोडे आठवडे, मोजत मोजत करा.

जिथे सूट खरंच कमावते

१ जून ते ३१ जुलै ६१ दिवसांची बंदी संपते, बोटी बाहेर पडतात, आणि एखाद्या दिवशी बांगडा-तारली एवढी येते की जेटीवर भाव पडतो. उरलेला माल फिशमीलच्या गाडीत जातो. अशा दिवशी हिशेबच वेगळा असतो. ज्या मालाला एरवी बोटीला ७०० मिळाले असते, त्याला गाडीत समजा ३०० मिळतील. आपण हजाराच्या बांगड्यावर वीस टक्के सोडले, आले ८००. कापणं, बर्फ, ॲप मिळून १०० गेले. राहिले ७००. गाडीच्या तीनशेच्या तुलनेत बोटीला आणि संस्थेला मिळून चारशे जास्त. नेहमीच्या दिवशी वीस टक्क्यांना शून्य उरत होतं, तेच वीस टक्के इथे चालतात, कारण दुसरा पर्याय वाईट आहे.

यासाठी कुपन काढूच नये असं मला वाटतं. त्या दिवसाचा, त्या मासळीचा भाव सरळ खाली लिहावा : 'आज बांगडा स्वस्त, दुपारी एकपर्यंत.' कुपन इसवणीवर लागतं, उद्या लागतं, शेजाऱ्याला जातं. त्या दिवसाचा भाव संध्याकाळी संपतो.

एकच गोष्ट तपासायची राहते. त्या दिवशी बांगडा घेणाऱ्यांनी तो जादा घेतला की नेहमीच्या इसवणीऐवजी? रात्री यादी काढा, त्याच गिऱ्हाइकांची मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची ऑर्डर शेजारी लिहा. इसवण तशीच राहून बांगडा वर आला असेल तर गाडीत जाणारा माल खरोखर वाचला. इसवण गायब होऊन बांगडा आला असेल तर जेवढी इसवण शिल्लक राहिली तिच्यावर बुडालेले पैसे त्या चारशेतून वजा करा, आणि बोटींना आकडा सांगताना हा वजा केलेलाच सांगा.